चौथ्या वर्षाचं मान्यतापत्र

पंढरीनाथ मांडवकर भाईंदर पश्चिमेच्या त्या कॉलेजात लागले तेव्हा ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम करत. संगमेश्वरजवळच्या खेड्यातून आलेला बारावी पास मुलगा. दिवसा कपाटं, संध्याकाळी बाहेरून बी.ए.चा अभ्यास, असं करत करत ते कनिष्ठ लिपिक झाले, मग वरिष्ठ, आणि शेवटची नऊ वर्षं आस्थापना विभागाचे मुख्य लिपिक. कॉलेजात कोण कधी लागलं, कोणाची मान्यता कधी आली, कोणाची रजा किती उरली, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. प्राध्यापक मंडळी त्यांना ‘मांडवकर’ म्हणत, तासाच्या मानधनावर, म्हणजे तासिकेवर, शिकवायला येणारी तरुण मुलं ‘काका’ म्हणत. बोलणं कमी, आवाज हळू. कागद वाचताना मात्र बोट ओळीखाली ठेवून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचणार. एकदा वाचलेला कागद सहसा विसरत नसत.

त्यांच्या निवृत्तीला दहा महिने उरले होते, तेव्हा इतिहासाची जागा निघाली. सहायक प्राध्यापक, पूर्णवेळ, एक पद, खुला प्रवर्ग. आधीचे सर निवृत्त झाल्यापासून ती जागा रिकामी होती. सरकारची ना-हरकत यायला जवळपास दोन वर्षं गेली. आरक्षणाची बिंदुनामावली तपासून झाली, विद्यापीठाने जाहिरातीचा मसुदा मंजूर केला, वर्तमानपत्रात चौकट छापून आली, आणि पंधरा दिवसांत त्रेसष्ट अर्ज जमा झाले. कोणी पोस्टाने पाठवले, कोणी महामार्गावर काशीमीऱ्याला बस सोडून रिक्षाने स्वतः घेऊन आले. एक मुलगा तर लातूरहून आला होता. अर्जाची पोच हातात पडेपर्यंत तो खिडकीसमोरून हलला नाही.

त्रेसष्ट माणसं आणि खुर्ची एक. कोणाला मुलाखतीला बोलवायचं हे छाननी समिती ठरवणार होती. समितीत तिघं: प्राचार्या डॉ. आशा किणी, दुसऱ्या कॉलेजातले इतिहासाचे तज्ज्ञ डॉ. बाबाजी सावे, आणि संस्थेच्या वतीने कमळाकर म्हात्रे. पण समितीपुढे जाण्याआधी प्रत्येक अर्ज उघडून, जोडलेला कागद अन् कागद ताडून, तक्ता तयार करायचं काम पंढरीनाथांचं होतं.

काम दोन टप्प्यांचं होतं. आधी पात्रता. एम.ए. त्याच विषयात हवं, खुल्या प्रवर्गाला किमान पंचावन्न टक्के हवेत, आणि नेट किंवा सेट त्याच विषयात उत्तीर्ण हवी. इथेच बरेच गळाले. एकाला चौपन्न पूर्णांक सहा टक्के होते आणि त्याने अर्जात सरळ पंचावन्न लिहिलं होतं. एकीची नेट राज्यशास्त्रात होती. एक जण डॉक्टरेट झालेला, अर्जासोबत जाड प्रबंधाच्या मुखपृष्ठाचा फोटो, पण नेट-सेटचा रकाना कोरा. ‘नेट-सेट अनिवार्य’ हे जाहिरातीत ठळक अक्षरात होतं. बावीस अर्ज असे बाजूला गेले. प्रत्येकावर पंढरीनाथांनी कारण लिहिलं, कारण उद्या कोणी माहिती अधिकारात विचारलं तर उत्तर कागदावर असायला हवं.

उरलेल्या एक्केचाळीस जणांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तक्त्याप्रमाणे गुण द्यायचे. पदवीचे, पदव्युत्तरचे, पीएच.डी. असेल तर तिचे भक्कम पंचवीस. नेटचे आठ, सेटचे पाच. समीक्षित नियतकालिकातल्या प्रत्येक शोधनिबंधाला दोन, जास्तीत जास्त सहा. अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला दोन, जास्तीत जास्त दहा. या गुणांचा उपयोग फक्त बोलावण्यापुरता. मुलाखतीच्या दारात पाऊल पडलं की सगळे पुन्हा सारखेच. म्हणूनच ते पाऊल पडणं महत्त्वाचं. समितीने पहिल्या दहांना बोलवायचं ठरवलं होतं. अनुभव कसा मोजायचा हेही आधीच लेखी ठरलं होतं: उमेदवार नेट-सेट झाल्यानंतरचीच वर्षं, आणि तीही नियुक्तीपत्र व विद्यापीठाचं मान्यतापत्र असलेलीच.

शोधनिबंध तपासताना पंढरीनाथांची दमछाक झाली. पैसे भरले की आठ दिवसांत छापून देणारी नियतकालिकं बाजारात पैशाला पासरी. वर नोंदणी क्रमांक दिमाखात छापलेला, आत संपादक मंडळात कोण आहे ते कळत नाही. ते डॉ. साव्यांना फोन करून एकेक नाव विचारत. सावे म्हणत, “मांडवकर, नंबर असला म्हणजे निबंध कोणीतरी वाचून पास केलाय असं नाही. समीक्षकांची पद्धत लिहिलीय का बघा. नसेल तर शून्य.”

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी समिधा तांडेलचा अर्ज उघडला.

समिधा भाईंदरजवळच्याच मोरवा गावची. कोळ्याची पोर. वडील बोटीवर जायचे, ते गेल्यावर आई सुगंधाबाईंनी सुकी मासळी विकून तिला शिकवलं. इतिहासात एम.ए., अठ्ठावन्न टक्के. सेट तिसऱ्या खेपेला, २०२१ च्या सुरुवातीला. त्या जूनपासून ती याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. उत्तनच्या किनाऱ्यावरच्या जुन्या वस्त्यांवर तिने दोन निबंध लिहिले होते, दोन्ही चांगल्या नियतकालिकांत. वर्गात मुलं तिच्या तासाला दाटीने बसायची. अख्ख्या कॉलेजाने मनातल्या मनात ती जागा तिला देऊन टाकली होती. पंढरीनाथांनीही.

त्यांनी बेरीज केली. पदवी एकोणीस, पदव्युत्तर वीस, सेट पाच, निबंध चार, अनुभव चार वर्षांचे आठ. छप्पन्न. यादीत दहावी. बरोबर काठावर, पण आत.

मग त्यांनी सवयीने मान्यतापत्रं मोजली. तीन होती.

२०२१-२२ चं होतं. २०२३-२४ चं होतं. २०२४-२५ चं होतं. मधल्या वर्षाचं नव्हतं. विसरली असेल जोडायला, म्हणून त्यांनी स्वतःच्या कपाटातली मूळ फाइल काढली. तिथेही नव्हतं. आणि मग त्यांना ते वर्ष आठवलं.

त्या वर्षी पहिल्या वर्षाचे प्रवेश कमी झाले, इतिहासाच्या तासांचा ठरलेला कार्यभार भरला नाही, तासिकेच्या जागेला मंजुरी आली नाही. कायम सर एकटेच, त्यात त्यांची दोन महिन्यांची आजारपणाची रजा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना शिकवायला कोणीच नव्हतं. समिधा विचारायला आली होती. तेव्हा याच टेबलापाशी उभं राहून पंढरीनाथ म्हणाले होते, “मॅडम, तुम्ही येत राहा. मंजुरी आज ना उद्या येईल. ऑर्डर मागाहून काढू.” ती येत राहिली. जूनपासून एप्रिलपर्यंत. मंजुरी आली नाही, ऑर्डर निघाली नाही, मानधन नाही, मान्यता नाही. तिने कधी हूं की चूं केलं नाही.

अर्जाला जोडलेलं अनुभवाचं प्रमाणपत्र त्यांनीच दोन महिन्यांपूर्वी टाइप केलं होतं. “जून २०२१ ते एप्रिल २०२५ या काळात सलग अध्यापन केले.” प्राचार्यांनी त्यांच्या भरवशावर सही केली होती. लिहिताना त्यांना काही खोटं लिहितोय असं वाटलंच नव्हतं. तिने शिकवलं होतंच. ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण कागदाच्या हिशेबात ती तीन वर्षं होती. सहा गुण. छप्पन्नाचे चौपन्न. आणि अकराव्या क्रमांकावर पालघरकडच्या कोणा हेमाली राऊतचे पंचावन्न होते.

पंढरीनाथांनी अर्ज मिटला, दप्तर बांधलं आणि घरी गेले. बायको शांताबाईंनी ताट वाढलं तर दोन घास खाऊन उठले. “बरं नाही का?” त्यांनी विचारलं. “आहे बरं,” एवढंच म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांसमोर आठ वर्षांपूर्वीचा प्रणित उभा होता. अर्थशास्त्राचा देखणा, हुशार मुलगा. त्याची सेट जवळच्याच पण वेगळ्या विषयात होती. तेव्हा पंढरीनाथांच्या ते लक्षात आलं होतं, पण सगळ्यांना तो मुलगा हवा होता, आणि ‘चालतं हो’ म्हणून त्यांनी तक्त्यावर बरोबरची खूण केली. तो निवडला गेला, रुजू झाला, लग्न झालं, भाईंदर पूर्वेला घर घेतलं. दीड वर्षाने विद्यापीठाने मान्यता नाकारली. पगार थांबला. शेवटच्या दिवशी तो याच खिडकीपाशी येऊन म्हणाला होता, “काका, तेव्हाच नाही म्हणाला असता तर मी दुसरीकडे लागलो असतो.” 

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. आशा किणींनी प्रमाणपत्र हातात घेतलं.

“सही माझी आहे, मांडवकर.”

“हो मॅडम. मजकूर माझा आहे.”

“तिने शिकवलं नव्हतं का?”

“शिकवलं होतं. म्हणूनच तर…”

“उद्या समितीपुढे ठेवा,” त्या म्हणाल्या. “जसं आहे तसं.”

बातमी दुपारपर्यंत कमळाकर म्हात्र्यांपर्यंत पोचली. हे संस्थेचे जुने विश्वस्त, भाईंदरच्या जुन्या गावातले, उंच, भरदार, मनाने वाईट नव्हेत. ते थेट आस्थापना विभागात आले आणि पंढरीनाथांच्या समोरच्या स्टुलावर बसले.

“मांडवकर, ही आपले गावची पोर हाय. आपल्याच कॉलेजात शिकली. तिला साधा मुलाखतीला पन बोलवाचा न्हाय?”

“कागद नाही साहेब, एका वर्षाचा.”

“अरे, ती रोज येत व्हती, मी सोता बघितलाय. खोटा हाय का ते?”

“खोटं नाही.”

“मंग? तू आठ लिव्हलेस तर कोन बघनार हाय?”

पंढरीनाथ खाली बघत म्हणाले, “पहिल्यांदा कोणीच बघणार नाही. ती निवडली गेली की मग सगळे बघतील. अकरावा उमेदवार बघेल, माहिती मागवेल. विद्यापीठ मान्यतेच्या वेळी बघेल. तेव्हा तिचं वय वाढलेलं असेल, दुसऱ्या जागा निघून गेलेल्या असतील. आणि नाव खराब होईल ते तिचं. माझं नाही.” थोडं थांबून ते म्हणाले, “आणि साहेब, ती अकरावी मुलगी पण कोणाच्यातरी गावची आहे.”

कमळाकर उठले. उठताना एवढंच म्हणाले, “तुझे तोंडानंच सांग तिला. यादी लागल्यावर फळ्यावर वाचाला नको.”

ते पंढरीनाथांनीही ठरवलंच होतं. छाननीतली गोष्ट बाहेर बोलायची नसते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पण हा तिच्या स्वतःच्या कागदाचा प्रश्न होता, आणि तो कागद त्यांनी बनवला होता. प्राचार्यांना विचारून, संध्याकाळी ते मोरव्याला चालत गेले.

समिधा ओट्यावर उत्तरपत्रिका तपासत बसली होती. आत सुगंधाबाई सुके बोंबील निवडत होत्या. “काका, तुम्ही?” म्हणत ती उठली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद दिसला. कॉलेजातला माणूस या दिवसांत घरी आला म्हणजे चांगलीच बातमी असणार, असं तिला वाटलं. तो चेहरा पंढरीनाथांना पुढे बरेच दिवस सतावत राहिला.

त्यांनी आडवळण न घेता सांगितलं. वर्ष, मान्यतापत्र, प्रमाणपत्र, आठाचे सहा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे मी बाहेर.”

“यादी समिती करते. पण सहा गुण धरले तर… हो.”

“किती गुणांनी?”

“ते मला सांगता येणार नाही, बाळा.”

ती लाल पेनाचं टोपण लावत-काढत राहिली. मग म्हणाली, “त्या वर्षी शेवटच्या वर्षाला एकवीस मुलं होती. सगळी पास झाली. त्यांच्या मार्कशीटवर कॉलेजचा शिक्का चालतो. मग त्यांना शिकवणारं वर्ष का नाही चालत?”

पंढरीनाथांची नजर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर गेली.

“तुम्ही म्हणालात येत राहा. मी आले. मला तेव्हा वसईच्या कॉलेजात तासिका मिळत होती काका. ऑर्डरसकट. मी नाही सांगितलं, कारण इथली मुलं अर्ध्यावर राहिली असती.”

हे त्यांना माहीत नव्हतं. 

आतून सुगंधाबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “सर, माझी पोर वरीसभर फुकट राबली,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “तवा कोनी कागद मागितला न्हाय. आता मागतात.”

“चूक माझी आहे,” पंढरीनाथ म्हणाले. “मी तेव्हा ऑर्डरशिवाय तुम्हाला वर्गात जाऊ द्यायला नको होतं. आणि आता प्रमाणपत्र लिहिताना फाइल बघायला हवी होती. दोन्ही वेळा मी चांगलंच करतोय असं समजत होतो.”

समिधाने उत्तरपत्रिका गोळा केल्या, काठ सारखे केले. “मला एक द्या,” ती म्हणाली. “गुण नकोत. ते वर्ष लिहून द्या. कॉलेजच्या कागदावर. मी शिकवलं, आणि कॉलेजने ऑर्डर दिली नाही, असं. जसं झालं तसं.”

“देतो,” पंढरीनाथ म्हणाले. हे सोपं नसणार हे त्यांना म्हणतानाच कळत होतं. ऑर्डरशिवाय काम करून घेतलं असं कोणतं कॉलेज स्वतःच्या शिक्क्याखाली लिहून देतं?

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समिती बसली. पंढरीनाथांनी तक्ता ठेवला, आणि त्यावर दोन टिपणं. पहिलं: अर्ज क्रमांक सदतीस, अनुभव प्रमाणपत्रातील मजकूर अभिलेखाशी जुळत नाही, मान्यताप्राप्त वर्षे तीन, गुण सहा, प्रमाणपत्राचा मजकूर न पडताळता तयार केल्याची जबाबदारी निम्नस्वाक्षरीकाराची. दुसरं: सन २०२२-२३ मध्ये सदर उमेदवाराने नियुक्तीशिवाय व मानधनाशिवाय तृतीय वर्षाचे अध्यापन केल्याचे वर्ग हजेरीपटांवरून दिसते. हजेरीपट त्यांनी सकाळी सातला येऊन जुन्या खोलीतून शोधून काढले होते. पानापानावर तिची सही होती, तारखेसकट. त्यांनी त्या सह्या मोजल्या होत्या. एकशे बेचाळीस तास.

डॉ. सावे हजेरीपट चाळत राहिले. ते कडक माणूस म्हणून प्रसिद्ध होते.

“नियुक्ती नाही, मान्यता नाही,” ते शेवटी म्हणाले. “गुण देता येत नाहीत. एकीला असे दिले तर उरलेल्या चाळीस जणांनाही ‘तुमचं कुठलं न नोंदलेलं वर्ष आहे का’ म्हणून विचारावं लागेल.”

“मंग या एकशे बेचाळीस तासांचा काय?” कमळाकर म्हणाले.

“ते आपल्या इतिवृत्तात लिहा,” सावे म्हणाले. “मी सही करतो. गुणांच्या रकान्यात मात्र सहा.”

प्राचार्यांनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. असं लिहिलं तर उच्च शिक्षण खात्याचं सहसंचालक कार्यालय विचारणा करेल, हे त्यांना कळत होतं. कोणाच्या परवानगीने वर्गावर पाठवलं? तेव्हा त्या प्राचार्या नव्हत्या, पण उत्तर आता त्यांनाच द्यावं लागणार होतं.

“लिहा,” त्या पंढरीनाथांना म्हणाल्या. “दोन्ही लिहा. आणि जुनं प्रमाणपत्र रद्द करून नवं द्या. तीन वर्षं मान्यतेसह, एक वर्ष नियुक्तीशिवाय. तासांच्या आकड्यासकट.”

पंढरीनाथांनी समितीसमोर बसून सदतीस क्रमांकाच्या ओळीत सहा लिहिले, बेरजेत चौपन्न. क्रमवारी खाली सरकली. हेमाली राऊत दहावी झाली. सह्या झाल्या. तासाभरात यादी फळ्यावर आणि संकेतस्थळावर लागली.

मुलाखती महिन्याभराने झाल्या. निवड झाली ती एका पीएच.डी. झालेल्या, पाच वर्षं मान्यताप्राप्त अनुभव असलेल्या उमेदवाराची. माणूस चांगला होता, वादाला जागा नव्हती. हेमालीची निवड झाली नाही. मुलाखतीच्या दिवशी पंढरीनाथांनी तिला एकदाच पाहिलं. मूळ कागदपत्रं तपासून घ्यायला ती त्यांच्या टेबलाशी आली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावलेली तीन मान्यतापत्रं, क्रमाने. त्यांनी खूण केली आणि “बसा” म्हणाले. तिला काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत असण्याची गरजही नव्हती.

पंढरीनाथांना लेखी ताकीद मिळाली: ‘अभिलेख न पडताळता प्रमाणपत्र तयार केले.’ तो कागद त्यांनी स्वतःच स्वतःच्या फाइलला लावला, पान क्रमांक घालून. चौतीस वर्षांच्या नोकरीतली ती एकच ताकीद. सहसंचालक कार्यालयाचं विचारणा करणारं पत्रही आलं. त्याचं उत्तर प्राचार्यांनी स्वतः लिहिलं आणि कोणावर ढकललं नाही.

पण खरी गोष्ट पुढच्या सत्रात घडली. नवीन सर रुजू व्हायला अजून वेळ होता आणि इतिहासाचे तास रिकामे होते. उपप्राचार्यांनी समिधाला फोन केला, ‘या, ऑर्डर निघेलच.’ ती आली, पण वर्गात गेली नाही. स्टाफरूममध्ये बसली. “ऑर्डर हातात द्या, मग तास घेते,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी मराठीची दिव्या तिच्या शेजारी येऊन बसली, मग वाणिज्यचा एक मुलगा, मग आणखी दोघं. आवाज नाही, घोषणा नाही. पाच जणं पुस्तकं वाचत बसलेली. अकरा दिवस ते वर्ग रिकामे राहिले. पालकांचे फोन आले. बाराव्या दिवशी पाचही नियुक्तीपत्रं सहीसह निघाली, आणि पंढरीनाथांनी ती स्वतः स्टाफरूममध्ये नेऊन एकेकाच्या हातात दिली. समिधाने आपलं पत्र पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचलं, पोचेवर सही केली आणि वर्गाकडे गेली. त्यांच्याशी बोलली नाही. त्यांनीही अपेक्षा केली नव्हती.

नवे सर रुजू झाले तशी तिची तासिका संपली. ती वसईला शिकवू लागली आणि पीएच.डी.ला नाव नोंदवलं. पंढरीनाथ मे महिन्यात निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात कमळाकर म्हात्रे दोन वाक्यं बोलून खाली बसले. शाल, श्रीफळ, फोटो झाले.

निवृत्तीनंतर माणसं गावी जातात. शांताबाईंची तशी इच्छाही होती. पण जुलैत दिव्या एका जाहिरातीचा कागद घेऊन त्यांच्या भाईंदर पूर्वेच्या घरी आली. “काका, एकदा बघता का, काय राहिलंय?” त्यांनी पाहिलं. तिचा एक निबंध समीक्षित नियतकालिकातला नव्हता. तो त्यांनी काढायला लावला. एका वर्षाचं मान्यतापत्र नव्हतं, ते विद्यापीठातून मिळवायला लावलं. पुढच्या रविवारी ती दोघांना घेऊन आली. मग मीरा रोडहून, विरारहून, नालासोपाऱ्याहून मुलं येऊ लागली. घराजवळच्या केबिन रोडवरच्या झेरॉक्सवाल्यालाही ठाऊक झालं, रविवारी सकाळी मार्कशीट घेऊन आलेला माणूस मांडवकरांकडे जाणार.

ते कोणाला धीर देत नाहीत, कोणाला आशा लावत नाहीत. बोट ओळीखाली ठेवून वाचतात आणि सांगतात: हे धरतील, हे धरणार नाहीत. एखाद्याचे डोळे भरून येतात. “नऊ वर्षं शिकवतोय काका, आणि मोजली जातात चार?” तेव्हा ते पाण्याचा तांब्या पुढे करतात, त्याचं पिऊन होईपर्यंत थांबतात, आणि मग राहिलेल्या पाच वर्षांचं काय काय कुठे मिळू शकेल याची यादी करायला बसतात. जे मिळणार नाही ते मिळणार नाही म्हणून सांगतात.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी गर्दी ओसरल्यावर दारात समिधा उभी होती. हातात फाइल. पालघर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात जागा निघाली होती. ती आत आली, खुर्चीवर बसली आणि फाइल पुढे सरकवली. पंढरीनाथांनी चष्मा लावला. पदवी, पदव्युत्तर, सेट. निबंध आता तीन. पीएच.डी.चा प्रबंध अजून सादर व्हायचा होता, म्हणून त्याचे गुण नाहीत. अनुभव: मान्यतापत्रं त्यांनी एकेक करून टेबलावर मांडली. भाईंदरची तीन. नवे सर येईपर्यंतच्या अर्धवट सत्राचं वेगळं, त्याचे प्रमाणात गुण. वसईची दोन सत्रं. त्यांनी बेरीज केली. पाच वर्षांना काही महिने कमी.

“ते एक वर्ष धरलं असतं तर पुरे दहा झाले असते,” ती म्हणाली. आवाजात टोचणी नव्हती. नुसतं सांगितलं.

“हो,” ते म्हणाले.

शांताबाईंनी चहा आणला. समिधाने कप घेतला. खिडकीतून खाली भाजीवाल्याची हाक येत होती.

“त्या वर्षाचं पत्र जोडू का?” तिने विचारलं. “एकशे बेचाळीस तासांचं?”

पंढरीनाथांनी अनुक्रमणिका जवळ ओढली. “गुण मिळणार नाहीत.”

“माहितीये.”

“मग जोड. शेवटी लाव. कागद क्रमांक अठरा.”

तिने ते पत्र काढलं, सरळ केलं आणि फाइलच्या अगदी खाली लावलं. पंढरीनाथांनी अनुक्रमणिकेत अठरावी ओळ लिहिली. मग दोघं पहिल्या पानापासून पुन्हा एकदा वाचायला बसली.